वेटेजची बेरीज ११० येते आहे, सरळ ११० ने भागू का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. निकाल चार दिवसांवर आलाय आणि डोकं चालेनासं झालंय, म्हणून हा धागा.

सत्राच्या मध्यावर एका सहकाऱ्याचा विषय माझ्याकडे आला. पहिल्या तासाला मुलांना वाटलेलं पत्रकही सोबत आलं. त्यात वेटेज असं छापलंय: असाइनमेंट २०, क्विझ १५, प्रॅक्टिकल २०, मिडटर्म २०, अंतिम परीक्षा ३५. मी ते जसंच्या तसं एक्सेलमध्ये भरलं. बासष्ट मुलांनी ते सत्रभर वहीत चिकटवून ठेवलं होतं. कुणीही बेरीज केली नाही, मीसुद्धा नाही. काल एका मुलाने दारात उभं राहून विचारलं, "मॅडम, हे एकशे दहा कसं होतं?"

माझ्या शीटमध्ये प्रत्येक गुण गुणिले वेटेज, भागिले शंभर, आणि मग बेरीज असं सूत्र आहे. ८० च्या वर एकवीस जण दिसत होते आणि मी मनात म्हणत होते, बॅच हुशार आहे!

आमच्या स्टाफरूमचं मत एकच: "अहो, ११० ने भागा आणि मोकळ्या व्हा." पण आता भागलं की वरच्या श्रेणीत फक्त सात जण उरतात. भागणं बरोबर आहे का? की एखादं वेटेज कमी करायचं? आधीच्या सरांना फोन केला तर ते म्हणाले, "आठवत नाही, बघून सांगतो."

---

उगाच_एक

आमचे सर नेहमी म्हणायचे, एकशे दहा टक्के मेहनत घ्या. आज कळलं, ते पत्रक वाचून दाखवत होते.

---

अपूर्णांक

घाबरण्यासारखं काहीच नाही. वेटेज म्हणजे शेवटी गुणोत्तर. २०, १५, २०, २०, ३५ असं लिहा किंवा ४, ३, ४, ४, ७ असं लिहा, अर्थ एकच. भारित सरासरी काढताना खाली वेटेजची बेरीजच यायला हवी, शंभर नव्हे. शंभरने भागण्याची सवय आपल्याला लागलीय ती बेरीज बहुतेक वेळा शंभर असते म्हणून. तुमचं सूत्र असं करा (वेटेज दुसऱ्या ओळीत, मुलांचे गुण तिसरीपासून खाली):

```
=SUMPRODUCT(B$2:F$2,B3:F3)/SUM(B$2:F$2)
```

आणि सगळ्यांना एकाच आकड्याने भागल्यामुळे कुणाचाही नंबर वरखाली होत नाही. म्हणजे फरक काहीच पडत नाही. विषय संपला.

---

शेवटचा_बाक

फरक काहीच पडत नाही हे एकवीसपैकी त्या चौदा जणांना सांगून बघा.

नंबर बदलत नाही हे मान्य. पण श्रेणी नंबरावर नाही, ८० च्या रेषेवर मिळते. रेषा जागेवर आणि सगळी रांग मागे सरकली.

---

अपूर्णांक

@शेवटचा_बाक, ती रांग चुकून पुढे सरकली होती, ती जागेवर आली एवढंच. सगळीकडे ८० मिळवणाऱ्या मुलाला जुन्या सूत्राने ८८ मिळत होते. हे बरोबर होतं का?

---

सदाफुली

नॉर्मलायझेशन हा अन्यायच आहे. माझ्या भाच्याची परीक्षा दुसऱ्या पाळीत होती, पेपर कठीण आला, आणि नॉर्मलाइज करून त्याचे गुण वाढायच्या ऐवजी कमी झाले. ते पर्सेंटाइल काढतात ना, त्यात नेमकं काय करतात ते कुणालाच सांगता येत नाही. शाई ताई, तुम्ही त्या भानगडीत पडू नका.

---

खडूफळा

सदाफुली, शब्द एकच असला तरी ते प्रकरण वेगळं आहे. तिथे वेगवेगळ्या पेपरांचे गुण एका मापावर आणतात. इथे गुणांना हात लावायचा नाही, फक्त वेटेज एका मापावर आणायची.

आता मूळ प्रश्न. अपूर्णांक यांचं गणित चोख आहे, पण ते एक गोष्ट गृहीत धरून चाललेत: छापलेले पाचही आकडे खरे आहेत आणि फक्त बेरीज चुकली. इथेच तर घोडं पेंड खातं. ११० कसे झाले हे कळल्याशिवाय भागायचं की नाही हे ठरत नाही. माझ्या पाहण्यात याच्या मागे तीनच कथा असतात.

पहिली, टायपिंगची चूक. अंतिमचे २५ होते, ३५ छापले गेले. किंवा प्रॅक्टिकलचे १० होते, २० झाले. दुसरी, वरचे १० जाणूनबुजून बोनस म्हणून ठेवलेत, म्हणजे शंभरच्या वर जायची मुभा. तिसरी, लिहिणाऱ्याने प्रत्येक घटकाला "साधारण इतकं महत्त्व" म्हणून आकडा दिला आणि बेरजेकडे बघितलंच नाही.

तिसरी कथा असेल तरच ११० ने भागणं हा सरळ इलाज आहे. बोनसची कथा असेल तर भागल्यावर बोनसच नाहीसा होतो, उलट ज्याने तो केला नाही त्याला शिक्षा होते. बाकी सगळीकडे शंभर मिळवूनही तो १०० ÷ ११० म्हणजे ९०.९ वरच अडकतो. आणि टायपिंगची चूक असेल तर भागणं म्हणजे आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. एका खोलीतली चूक उचलून तुम्ही पाचही खोल्यांत थोडी थोडी वाटून टाकता.

"नंबर बदलत नाही" हेही तपासून बघू. दोन मुलं घ्या, गुण पत्रकाच्याच क्रमाने.

क: ९०, ८०, ८५, ६०, ७०
ख: ६०, ६०, ७०, ८०, ९५

क वर्षभर नेमाने काम करणारा, ख परीक्षेत चमकणारी. दोन्ही प्रत्येक वर्गात असतात.

न भागता: क ८३.५, ख ८४.२५.
११० ने भागून: क ७५.९, ख ७६.६. ख पुढे.
अंतिमचे खरे २५ होते असं धरून: क ७६.५, ख ७४.७५. क पुढे.
प्रॅक्टिकलचे खरे १० होते असं धरून: क ७५, ख ७७.२५. ख पुन्हा पुढे, आणि चांगलीच.

भागण्याआधी आणि भागल्यानंतर क्रम तोच राहतो, एवढंच अपूर्णांक म्हणताहेत आणि ते खरं आहे. पण भागणं आणि चूक शोधून दुरुस्त करणं यांत क्रम बदलू शकतो. म्हणून आधी कथा शोधा. मागच्या वर्षीचं पत्रक कुठे आहे का?

---

उगाच_एक

क आणि ख मध्ये मी ग. सगळीकडे ३५. मला कशानेही भागा.

---

साधा_माणूस

मला एवढं कळत नाही, पण सरळ असं का नाही म्हणत की परीक्षा ११० गुणांची होती? प्रॅक्टिकल २० गुणांचं, अंतिम ३५ गुणांची. आमच्या वेळी ५०० पैकी, ६५० पैकी असंच असायचं. शेवटी टक्के काढायचे. कुठे बिघडलं?

---

खडूफळा

@साधा_माणूस, कुठेही बिघडत नाही. गणित तेच आहे. "११० पैकी ८३.५" आणि "११० ने भागून ७५.९" या एकाच नाण्याच्या दोन बाजू. टक्क्यांचं चिन्ह काढून टाकलं की भांडणच उरत नाही.

फक्त एक काळजी. तुमच्या वेळी पेपर खरोखर तितक्या गुणांचा असायचा. इथे क्विझ ५० पैकी तपासलेली असू शकते आणि वेटेज १५. म्हणजे आधी प्रत्येक घटक शंभरपैकी आणायचा, मग वेटेज. शाई ताईंनी हे केलंय असं समजतो.

---

निळी_शाई

@खडूफळा, हो, गुण सगळे शंभरपैकी करून घेतलेत. क आणि ख वाचून मात्र पोटात गोळा आला, कारण अगदी तशी दोन मुलं माझ्यासमोर बसतात.

पत्रकावर "बोनस" किंवा "ऐच्छिक" असा शब्द कुठेही नाही. पाचही घटक सगळ्यांना सक्तीचे होते. मागच्या वर्षीची फाइल मागवते.

---

कीबोर्डवाला

तोवर थोडी मशिनची बाजू. पायथनमधलं `np.average` वेटेजची बेरीज किती हे विचारतच नाही, आपणहून बेरजेने भागतं:

```
np.average([90,80,85,60,70], weights=[20,15,20,20,35])
```

उत्तर ७५.९०९…. मूडलमध्येही Weighted mean of grades निवडलं की खाली वेटेजची बेरीजच असते, तिथे ११० टाका नाहीतर ७ टाका. त्यामुळे तिथे ही चूक कधी दिसतच नाही, आणि सोय म्हणा की धोका, तो हाच. हाताने लिहिलेल्या शीटमध्ये निदान ८८ सारखे संशयास्पद आकडे तरी दिसतात.

मी कुणाचीही गुणांची शीट हातात आली की आधी एक खोटा विद्यार्थी घालतो. नाव "सर्व शंभर", सगळ्या रकान्यांत १००. उत्तर १०० आलं पाहिजे. ११० आलं किंवा ९० आलं की तिथेच थांबायचं. पाच सेकंदांचं काम आहे.

---

अपूर्णांक

मस्त युक्ती. पण त्या परीक्षेत माझं सूत्र नेहमी पास होईल, वेटेज कितीही चुकीची असली तरी. म्हणजे खडूफळांची टायपिंगची चूक यात सापडणार नाही.

---

कीबोर्डवाला

बरोबर. म्हणून `SUM(B$2:F$2)` एका वेगळ्या सेलमध्ये उघडं ठेवायचं आणि शंभर नसेल तर लाल करायचं. भागायचं जरूर, पण गुपचूप भागायचं नाही.

---

माजघर

माझं उलट झालं होतं, बेरीज ९० आली होती. प्रकल्प १० टक्क्यांचा होता, तो मध्येच रद्द झाला. कुणी वेटेज बदलली नाहीत, रकाना तेवढा काढून टाकला. निकाल लागला तेव्हा ९० च्या वर एकही जण नाही. सगळीकडे ८० मिळवणाऱ्याला ७२. सगळे म्हणत होते यंदा पेपर कडक तपासले. दोन आठवड्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. जास्त बेरजेला मुलं तक्रार करत नाहीत, कमी बेरजेला करतात, तरीही दोन आठवडे लागले!

तेव्हा ९० ने भागून सगळं सुधारलं आणि तिथे भागणंच योग्य होतं असं अजूनही वाटतं. घटक सगळ्यांसाठीच रद्द झाला होता, उरलेल्यांचं आपसातलं प्रमाण तेच राहिलं.

पण त्यानंतर मी एक शहाणपणा केला तो सांगते. एका मुलीला आजारपणामुळे क्विझमधून अधिकृत सूट होती. तिचा सेल रिकामा. आणि माझं सूत्र अपूर्णांक यांच्यासारखंच, खाली पूर्ण बेरीज. रिकामा सेल म्हणजे SUMPRODUCT ला शून्य. सूट मिळालेल्या मुलीला मी शून्य देऊन बसले होते.

---

कीबोर्डवाला

@माजघर, ही चूक मी दर सत्रात कुठे ना कुठे बघतो. खाली फक्त भरलेल्या सेलच्या वेटेजची बेरीज घ्यायची:

```
=SUMPRODUCT(B$2:F$2,B3:F3)/SUMIF(B3:F3,"<>",B$2:F$2)
```

यात एक गंमत आहे. सूट असेल तर सेल रिकामा ठेवा, तो घटक वरूनही जातो आणि खालूनही जातो. न सांगता गैरहजर असेल तर AB लिहा. AB हा मजकूर असल्यामुळे SUMPRODUCT त्याला शून्य धरतं, पण SUMIF च्या दृष्टीने सेल भरलेला असतो, म्हणून वेटेज खाली मोजलं जातं. म्हणजे शून्य मिळतं, जसं मिळायला हवं.

सावध एवढंच राहा की सेलमध्ये `""` देणारं सूत्र असेल तर तो दिसायला रिकामा असतो पण SUMIF त्याला भरलेला समजतं. गुण दुसऱ्या शीटमधून ओढून आणले की हमखास हेच होतं.

मूडलमध्ये याच कामाला Exclude empty grades ची खूण आहे. ती काढली की रिकामं म्हणजे शून्य.

---

निळी_शाई

अरे देवा. माझ्याकडेही एक सूट आहे. असाइनमेंट ७०, क्विझ रिकामी, प्रॅक्टिकल ८०, मिडटर्म ६०, अंतिम ६५. आत्ता काढलं: वरची बेरीज ६४.७५. ११० ने भागून ५८.९, ९५ ने भागून ६८.२. नऊ गुणांचा फरक, एका रिकाम्या सेलवरून.

---

शेवटचा_बाक

आणि आता मात्र नंबर बदलला. प्रत्येकाचा भाजक वेगळा झाला की "सगळ्यांना एकाच आकड्याने भागतो" हे संपलं.

---

अपूर्णांक

बरं बाबा, बदलला. मागे घेतो.

---

खडूफळा

@निळी_शाई, ९५ ने भागण्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्या मुलाच्या क्विझच्या रकान्यात ६८.२ भरल्यासारखं ते आहे. उरलेल्या चार घटकांत त्याची जी सरासरी, तीच क्विझमध्येही पडली असती असं आपण धरतो.

हे बहुतेक वेळा ठीक असतं. पण वर्गातले सगळेच क्विझमध्ये ९० च्या आसपास असतील तर सूट मिळालेल्याचं नुकसान होतं. क्विझमध्ये सगळे आपटले असतील तर त्याचा फायदा होतो. ज्याला जमत नाही तीच क्विझ आजारपणात बुडाली, असंही होतं बरं का.

---

माजघर

म्हणून आमच्याकडे क्विझचं वेटेज सरळ अंतिम परीक्षेला जोडतात. १५ अधिक ३५, अंतिमचे ५०. भाजक सगळ्यांचा सारखा राहतो.

---

खडूफळा

भाजक सारखा राहतो, पण एकाच पेपरवर तुमचं निम्म्याला आलं ना! आधीच आजारी पडलेल्या मुलाची सगळी भिस्त एका दिवसावर. मला हे कधीच पटलं नाही.

---

माजघर

आणि मला काल्पनिक ६८.२ पटत नाहीत. न दिलेल्या परीक्षेचे गुण!

---

उगाच_एक

न दिलेल्या परीक्षेत ६८.२? मी उगाच देत होतो.

---

सदाफुली

मला आता कळलं. पण मग वेटेज कमी करून शंभर करायची असली तर पत्रकावर नवे आकडे काय छापणार? २० भागिले ११० म्हणजे १८.१८ आलं माझ्या कॅल्क्युलेटरवर.

---

कीबोर्डवाला

छापायला १८, १४, १८, १८, ३२ करा, बेरीज नशिबाने १०० येते. पण शीटमध्ये मात्र मूळ २०, १५ असेच ठेवा आणि शेवटी एकदाच भागा. गोलाई फक्त अंतिम गुणाला. वेटेजच गोल करून ठेवलीत तर तीन समान घटकांचे ३३, ३३, ३३ होतात, बेरीज ९९ येते, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी हाच धागा काढतं.

---

निळी_शाई

मंडळी, मागच्या वर्षीची फाइल मिळाली!

त्यात असाइनमेंट २०, क्विझ १५, प्रॅक्टिकल १०, मिडटर्म २०, अंतिम ३५. बेरीज बरोबर १००. म्हणजे खडूफळांची पहिली कथा, प्रॅक्टिकलची. मी प्रॅक्टिकलचे १० करून टाकू?

---

खडूफळा

थांबा. मागच्या वर्षी प्रॅक्टिकल्स किती होती आणि यंदा किती?

---

निळी_शाई

… मागच्या वर्षी पाच. यंदा दहा.

---

खडूफळा

मग ती टायपिंगची चूक नाही. त्यांनी काम दुप्पट केलं म्हणून वेटेज मुद्दाम दुप्पट केलं, आणि ते दहा कुठून तरी काढायचे राहिले. १० करणं म्हणजे मुलांकडून दहा प्रॅक्टिकल्स करून घेऊन पाचाचे पैसे देणं.

राहिले कुठून काढायचे हे आता कुणीच सांगू शकत नाही, त्यांनी ते ठरवलंच नव्हतं. अशा वेळी सगळ्यांतून प्रमाणात काढणं, म्हणजेच ११० ने भागणं, हा सगळ्यांत कमी मनमानीचा मार्ग. मुलांनी सत्रभर जे वाचलं ते हेच, की प्रॅक्टिकल आणि मिडटर्म सारखे आणि अंतिम त्यांच्या पावणेदोन पट. भागल्यावर हे प्रमाण तसंच राहतं. अंतिमला हात लावला तर परीक्षा झाल्यावर नियम बदलल्यासारखं होईल.

---

अपूर्णांक

म्हणजे माझं पहिलंच उत्तर. 😀

---

खडूफळा

उत्तर तुमचंच, कारण मात्र आत्ता मिळालं.

---

शेवटचा_बाक

मुलांच्या बाजूने एकच. पत्रकावर ८० ची रेषाही छापलेली होती ना? एखाद्याने घरी बसून शीटसारखाच हिशोब केला, ८३.५ आले, आणि "झालं आपलं" म्हणून अंतिमला थोडा सैल पडला. त्याला काय सांगणार? प्रमाण पाळलंत, पण रेषा?

---

माजघर

बेरीज ११० आहे हे ज्याने घरी हिशोब करूनही बघितलं नाही, त्याला काय सांगायचं!

---

शेवटचा_बाक

तसं बघायचं तर शिकवणाऱ्यांपैकीही कुणी बघितलं नाही.

---

साधा_माणूस

रेषाच थोडी खाली घेता येत नाही का? चूक छापणाऱ्याची आहे.

---

निळी_शाई

@साधा_माणूस, रेषा माझ्या हातात नाही, सगळ्या विषयांना तीच आहे. शेवटचा_बाक यांचा मुद्दा मी आज बैठकीत मांडला. अर्धा तास चर्चा झाली, एकमत झालं नाही. ठरलं ते असं: ११० ने भागायचं, आणि ज्यांचे गुण रेषेच्या अगदी जवळ येतील त्यांच्या उत्तरपत्रिका दुसऱ्याने पुन्हा बघायच्या. आधीच्या सरांनीही फोनवर कबूल केलं की प्रॅक्टिकल वाढवलं ते आठवतंय, बाकीचं कमी करायचं राहून गेलं.

मुलांना वर्गात फळ्यावर दोन्ही हिशोब करून दाखवले. ज्याने दारात उभं राहून विचारलं होतं तो स्वतःच ८१ वरून ७३.६ वर आला. हसून म्हणाला, "गप्प बसायला हवं होतं, मॅडम."

सूट असलेल्या मुलाचं ९५ ने भागलंय. माजघर, तुमचं म्हणणं बैठकीत दोघांना पटलं होतं, पण अंतिमला ५० कुणालाच नको होते.

---

कीबोर्डवाला

"सर्व शंभर" ची ओळ घातली होती का? किती आले?

---

निळी_शाई

घातली, १०० आले. मग ती ओळ काढायची विसरले, शीट क्रमाने लावली आणि यादी पुढे पाठवून दिली. आत्ता कार्यालयातून विचारणा आली आहे की विषयात पहिला आलेल्या विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक का भरलेला नाही.

---

उगाच_एक

सत्कार कधी आहे?